बैठकीला बोलावणारं पत्र निकालपत्र नसावं

“आपण केलेल्या मालाच्या अफरातफरीबाबत खुलासा करण्यासाठी उद्या सकाळी 10 वाजता एचआर विभागात हजर राहावे. गैरहजर राहिल्यास आपले काहीही म्हणणे नाही असे समजून एकतर्फी कारवाई करण्यात येईल.”

कर्मचाऱ्याला शिस्तभंगाच्या बैठकीला बोलावणारं पत्र आपल्याकडे साधारण असंच असतं. मी बचाव प्रतिनिधी म्हणून चौकशांमध्ये बसतो, त्यामुळे अशी पत्रं नेहमी वाचनात येतात. या दोन वाक्यांत तीन गोष्टी चुकल्या आहेत. अफरातफर झाली आणि ती याच माणसाने केली, हे बैठकीआधीच ठरवून टाकलंय. सोबत कुणाला आणता येईल का, याचा उल्लेख नाही. आणि उत्तराची तयारी करायला एक रात्र दिली आहे. तटस्थ भाषा, सोबती आणि तयारीला वेळ या तीन गोष्टी म्हणजे एचआरच्या सौजन्याचा भाग नव्हे. त्या प्रत्येक नोकरदाराचा हक्क असायला हव्यात, मग तो यंत्रावर काम करणारा कामगार असो, गोदामाचा सहायक व्यवस्थापक असो की हिंजवडीतला संगणक अभियंता. आज तसं नाही, आणि त्याचा फटका सगळ्यात जास्त कुणाला बसतो हे पाहिलं तर बरेच पांढरपेशे वाचक चकित होतील.

आधी हे एकच उदाहरण नीट उलगडून पाहू. समजा, चाकणच्या एका सुट्या भागांच्या गोदामात प्रत्यक्ष मालमोजणी झाली आणि बेअरिंगचे 42 खोके संगणकातल्या नोंदीपेक्षा कमी भरले. त्या रॅकची जबाबदारी एका सहायक व्यवस्थापकाकडे होती. कंपनीला त्या क्षणी नक्की काय माहीत आहे? मोजणीत फरक आला आणि जबाबदारी या माणसाची होती, एवढंच. खोके चोरीला गेले, चुकीच्या रॅकवर लागले, परतीच्या चलनावर बाहेर गेले आणि त्याची नोंद राहून गेली, की पुरवठादाराकडून मुळातच कमी आले आणि आवक नोंदवणाऱ्याने चलनावरचा आकडा तसाच उतरवला, यातलं काहीही कंपनीला माहीत नाही. ते शोधायलाच बैठक आहे. मग पत्रात तेवढंच यायला हवं. ते असं लिहिता येईल:

“दिनांक 6 मार्च रोजी झालेल्या प्रत्यक्ष मोजणीत रॅक क्रमांक 7 वरील बेअरिंगचे 42 खोके संगणकीय नोंदीपेक्षा कमी आढळले. 1 फेब्रुवारी ते 6 मार्च या काळात या रॅकची जबाबदारी आपल्याकडे होती. हा फरक कसा पडला आणि त्या काळात मालाच्या आवक-जावकीची ठरलेली पद्धत पाळली गेली का, याबाबत आपले म्हणणे ऐकण्यासाठी ही बैठक ठेवली आहे. मोजणीपत्रक, त्या काळातील आवक नोंदी, गेटपास रजिस्टरच्या प्रती आणि सुरक्षारक्षकाचा लेखी जबाब सोबत जोडला आहे. अद्याप कोणताही निष्कर्ष काढलेला नाही. जबाबदारीत कसूर झाल्याचे आढळल्यास लेखी ताकीद देण्यापासून सेवा समाप्त करण्यापर्यंतची कारवाई होऊ शकते.”

पहिल्या पत्रापेक्षा हे सौम्य आहे असं कुणी म्हणेल, पण तसं नाही. यात नोकरी जाऊ शकते हे स्पष्ट सांगितलंय. पहिल्या पत्रात “कारवाई” एवढाच मोघम शब्द होता. पहिलं पत्र वाचून माणूस घाबरतो, पण उत्तर कशाचं द्यायचं ते त्याला कळत नाही. दुसरं वाचल्यावर गेटपास रजिस्टरमधल्या कोणत्या पानाकडे बघायचं, हे त्याला कळतं. समजा, त्याला त्या प्रतींमध्ये 19 फेब्रुवारीची एक नोंद सापडली, की दोन पॅलेट माल तपासणीसाठी दुसऱ्या प्लांटला परतीच्या चलनावर गेला. मग संगणकात ती जावक चढली आहे का, हा प्रश्न तो बैठकीत विचारू शकतो. आणि त्याने खरंच माल विकला असेल, तर तीच कागदपत्रं त्याला अडचणीत आणतील. चांगल्या पत्राची परीक्षा हीच. माणूस निर्दोष निघो वा दोषी, पत्रातला एकही शब्द नंतर मागे घ्यावा लागू नये.

तटस्थ भाषेबद्दल आपल्या न्यायालयांनी बरंच स्पष्ट बोलून ठेवलं आहे. 2010 मध्ये ओरिक्स फिशरीज विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे गोठवलेल्या कोळंबीची निर्यात करणारी एक कंपनी होती. परदेशातल्या खरेदीदाराची तक्रार आली, तेव्हा निर्यात प्राधिकरणाने कारणे दाखवा नोटीस काढली आणि सदोष माल पाठवल्याचं सिद्ध झालंय असं त्या नोटिशीतच लिहून टाकलं. न्यायालयाने सांगितलं, की कारणे दाखवा नोटिशीत दोषाचा ठाम निष्कर्ष काढला, तर पुढची सगळी प्रक्रिया पोकळ उपचार ठरते. उत्तर देणाऱ्याला वाटलं पाहिजे की समोरचा खुल्या मनाने ऐकतोय. त्याआधी 2006 मध्ये सीमेन्स कंपनीच्या महाराष्ट्रातल्याच प्रकरणात, आधीच मन बनवून काढलेल्या नोटिशीबद्दल न्यायालयाने हीच भूमिका घेतली होती. ही दोन्ही प्रकरणं नोकरीतली नाहीत. पण त्यांतलं तत्त्व चौकशीच्या प्रत्येक पत्राला तंतोतंत लागू पडतं, आणि चौकशीला बसणारे वकील व कामगार प्रतिनिधी ती सर्रास पुढे करतात.

सरकारी खात्यांतही हा दोष मुरलेला आहे. विभागीय चौकशीच्या कागदांमध्ये ज्याच्यावर आरोप आहे त्याला पहिल्या पानापासून “अपचारी”, म्हणजे गैरवर्तन करणारा, म्हटलं जातं. चौकशी अजून सुरू व्हायची असते, साक्षी व्हायच्या असतात, आणि नावाआधी अपचार येऊन बसतो. “संबंधित कर्मचारी” लिहिलं तर काहीही अडत नाही.

तटस्थ भाषेचा अर्थ मात्र अनेक एचआर विभाग सोयीने लावतात. विशेषतः आयटी कंपन्यांमध्ये. तिथे कडक पत्र येत नाही. कॅलेंडरवर अर्ध्या तासाचं एक निमंत्रण येतं, त्याला “कॅच-अप” किंवा “डिस्कशन” असं नाव असतं, विषयाची जागा रिकामी असते. माणूस चहाचा कप घेऊन त्या खोलीत जातो आणि आत तिघं बसलेले दिसतात. समोर राजीनाम्याचा मसुदा ठेवलेला असतो. तो आत असतानाच लॅपटॉपचा ॲक्सेस बंद होतो. या निमंत्रणात एकही आरोप नाही, म्हणून ते तटस्थ म्हणायचं का? बिलकुल नाही. ती फसवणूक आहे. दोषारोप करणारं पत्र आणि गाफील ठेवणारं पत्र, दोन्हींमुळे एकच गोष्ट होते. समोरच्याला तयारीनिशी बोलता येत नाही. तटस्थता म्हणजे माहिती लपवणं नव्हे. जेवढं ठाऊक आहे तेवढं पूर्ण सांगायचं आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखं लिहायचं नाही, एवढाच तिचा अर्थ आहे.

आता सोबतीचा मुद्दा. इथे माझं म्हणणं जरा सविस्तर मांडतो, कारण विरोधही सगळ्यात जास्त इथेच होतो.

भारतात कामगाराला चौकशीत प्रतिनिधी नेण्याचा मूलभूत हक्क नाही. 1960 मध्ये जमशेदपूरच्या टाटा लोकोमोटिव्हमधल्या कालिंदी आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसं म्हटलं. अशा चौकशीत प्रश्न बहुधा साध्या वस्तुस्थितीचे असतात, आणि साक्षीदाराची उलटतपासणी कामगार स्वतःच नीट करू शकतो, हा तिथला तर्क होता. पुढे 1965 च्या डनलॉप प्रकरणात न्यायालयाने, स्थायी आदेशांत, म्हणजे आस्थापनेच्या सेवाशर्तींच्या नियमांत, मनाई नसेल आणि विनंती आक्षेपार्ह नसेल तर प्रतिनिधीला येऊ देणं इष्ट आहे, असं नोंदवलं. पण इष्ट म्हणजे हक्क नव्हे. बॉम्बे पोर्ट ट्रस्टच्या नाडकर्णी प्रकरणात 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला न्यायालय एक पाऊल पुढे गेलं. मालकाने बाजू मांडायला कायदा शिकलेले अधिकारी बसवले असतील आणि कर्मचाऱ्याला वकील नाकारला असेल, तर ती चौकशी न्याय्य नाही. 1990 च्या दशकात मात्र क्रेसेंट डाइज आणि नंतर भारत पेट्रोलियमच्या प्रकरणांत न्यायालयाने पुन्हा बजावलं, की प्रतिनिधी कोण असावा यावर नियमांनी मर्यादा घालता येते.

महाराष्ट्राने यात देशाच्या पुढे जाऊन एक गोष्ट केली होती. 1971 च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित प्रथा प्रतिबंध कायद्याने मान्यताप्राप्त संघटनेला अंतर्गत चौकशीत कामगाराच्या वतीने उभं राहण्याचा हक्क दिला, आणि कलम 22 ने मान्यता नसलेल्या संघटनेलाही आपल्या सभासदासाठी तो दिला. सरकारी कर्मचाऱ्यांसाठीही 1979 च्या शिस्त व अपील नियमांत दुसऱ्या सरकारी कर्मचाऱ्याची मदत घेण्याची तरतूद आहे. म्हणजे यंत्रावरच्या कामगाराला संघटना आहे, तहसील कचेरीतल्या लिपिकाला बचाव सहायक आहे. आपल्या उदाहरणातला सहायक व्यवस्थापक, महिन्याला लाखभर पगार घेणारी टीम लीड, खासगी कॉलेजातला प्रशासकीय अधिकारी यांना काय आहे? यातले बहुतेक जण कायद्याच्या व्याख्येतले कामगारच नाहीत. औद्योगिक संबंध संहितेत ठरावीक पगारापुढचे पर्यवेक्षक आणि व्यवस्थापकीय काम करणारे व्याख्येबाहेर राहतात, आणि ती मर्यादा महिना 18 हजार रुपये आहे. चाकणमध्ये आज पर्यवेक्षकाला त्याहून कमी पगार कोण देतं? पगार वाढला, पदाला “मॅनेजर” शब्द चिकटला, आणि हक्क गेला. त्या खोलीत सगळ्यात एकटा कोण असेल, तर तो हा माणूस.

इंग्लंडमध्ये हे 2000 पासून वेगळं आहे. तिथल्या 1999 च्या एम्प्लॉयमेंट रिलेशन्स ॲक्टच्या कलम 10 नुसार शिस्तभंगाच्या किंवा तक्रार निवारणाच्या सुनावणीला कुठल्याही काम करणाऱ्याला सोबती नेता येतो. पद, पगार, नोकरीची वर्षं काहीही असोत. सोबती म्हणजे सहकारी किंवा कामगार संघटनेचा पदाधिकारी. तिकडे नोकरीला गेलेल्या आपल्या अनेक मराठी मुलामुलींना हा हक्क आपोआप मिळतो आणि पुण्याच्या ऑफिसात परतल्यावर तो गळून पडतो. कंपनी तीच, एचआरचं सॉफ्टवेअर तेच, फक्त पत्रातली ती ओळ गायब.

त्या कायद्यातली सोबत्याची व्याप्ती मला फार समंजस वाटते. त्याला सुनावणीत बोलता येतं, कर्मचाऱ्याची बाजू मांडता येते, शेवटी सार सांगता येतं, मध्ये थांबून कर्मचाऱ्याशी बोलता येतं. पण कर्मचाऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या ऐवजी देता येत नाही. “19 तारखेला गेटवर कोण होतं?” याचं उत्तर त्या माणसानेच द्यायचं. म्हणजे सत्य शोधायला कुठेही अडथळा नाही. अडथळा येतो तो घाबरलेल्या माणसाकडून सही उकळायला.

यावर कंपन्यांचा आक्षेप ठरलेला आहे. “आम्हाला इथे कोर्ट भरवायचं नाही.” माझं उत्तर असं, की कोर्ट वकिलांमुळे भरतं, सहकाऱ्यामुळे नाही. वकील नको म्हणा, त्यावर माझी हरकत नाही, समोर कंपनीचा वकील बसवलेला नसेल तोवर. पण 1960 सालचा “साधे प्रश्न आहेत, माणूस स्वतः बोलेल” हा तर्क आज चालणार नाही. तेव्हा साक्ष म्हणजे फोरमनने काय पाहिलं ते. आज पुरावा म्हणजे ई-मेलचे धागे, लॉगइनच्या वेळा, स्वाइप कार्डच्या नोंदी, सीसीटीव्हीचे तुकडे. हे सगळं कंपनीच्या ताब्यात असतं, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचा ॲक्सेस सगळ्यात आधी बंद होतो. लॉगइनची वेळ सर्व्हरच्या घड्याळाची की भारतीय वेळेची, हा साधा प्रश्नही ज्याची झोप उडाली आहे त्याला ऐनवेळी सुचत नाही. शेजारी बसलेल्याला सुचतो.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, आणि तो एचआरकडून नाही, कर्मचाऱ्यांकडून येतो. हक्क दिलात तरी येणार कोण? ज्याच्यावर साहेबांचा रोष आहे त्याच्या शेजारी बसायला ऑफिसात कुणी धजावत नाही. पुढच्या अप्रेझलला ते महागात पडेल ही भीती खोटी नाही. म्हणूनच “आपण सोबती आणू शकता” एवढं लिहून भागत नाही. सोबत्याला बैठकीसाठी आणि आधीच्या तयारीसाठी पगारी वेळ मिळेल आणि सोबत आल्याबद्दल त्याचं काहीही वाईट होणार नाही, हे त्याच पत्रात यायला हवं. इंग्लंडच्या कायद्याने सोबत्यालाही सूडाच्या कारवाईपासून संरक्षण दिलंय, ते उगाच नाही. ज्या ऑफिसात आठ-दहाच माणसं आहेत आणि सगळी मालकाच्या नात्यातली किंवा मर्जीतली आहेत, तिथे बाहेरचा एक विश्वासू माणूस, वकील नसलेला, येऊ द्यावा असं माझं मत आहे. इंग्लंडचा कायदा इतकं देत नाही. पण आपल्याकडच्या छोट्या पेढ्या आणि वर्कशॉपची स्थिती पाहता त्याशिवाय हा हक्क कागदावरच राहील. एक मर्यादा मात्र हवी. ज्याची त्याच प्रकरणात साक्ष व्हायची आहे, तो सोबती असू नये.

पूर्वी इंग्लंडमध्ये एक वाद झाला होता. कर्मचाऱ्याने निवडलेला सोबती मालकाला “वाजवी” वाटला नाही तर नाकारता येतो का? 2013 मध्ये अपील न्यायाधिकरणाने सांगितलं की नाही. मागणी वाजवी असावी, पण माणूस कोणता निवडायचा हे कर्मचारी ठरवेल. त्यानंतर मालकांसाठीची मार्गदर्शक संहिताही 2015 मध्ये बदलली गेली. आपल्याकडे नियम करताना हा धडा आधीच घ्यावा. नाहीतर कंपनी म्हणेल, “सोबती आणा, पण आम्ही सांगू तो.”

वेळ हा तिसरा मुद्दा, आणि बाकीचे दोन त्याच्यावरच टेकलेले आहेत. उद्या सकाळी 10 ला बोलावलं तर सोबतीचा हक्क आपोआप मरतो. कारण ज्याला बोलवायचं तो दुसऱ्या पाळीत आहे, किंवा संघटनेचा पदाधिकारी त्या दिवशी कामगार न्यायालयात तारखेला गेलेला आहे. इंग्लंडच्या कायद्याने यावर नेमकी सोय केली आहे. सोबत्याला ठरलेली वेळ जमत नसेल, तर कर्मचारी दुसरी वाजवी वेळ सुचवू शकतो, आणि ती पुढच्या पाच कामकाजाच्या दिवसांत असेल तर मालकाला बैठक पुढे ढकलावीच लागते. किती साधं आहे हे! बैठक अनिश्चित काळ लांबवता येत नाही, आणि हक्कही बुडत नाही.

पहिल्या नोटिशीसाठी किती दिवस द्यावेत याचा एकच आकडा सांगता येणार नाही. उशिरा येण्याच्या तक्रारीला तीन कामकाजाचे दिवस पुरतात. मोजणीपत्रकं, बिलं, लॉग पाहायचे असतील तर आठवडा कमी पडतो. कायद्याने मनावर घेतलं तर मुदत नेमकी ठरवता येते, हे लैंगिक छळाच्या तक्रारींच्या 2013 च्या नियमांत दिसतं. तिथे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला उत्तर द्यायला 10 कामकाजाचे दिवस आहेत, आणि लागोपाठ तीन सुनावण्यांना सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिल्याशिवाय एकतर्फी निर्णय घेता येत नाही. त्यासाठीही 15 दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते. इतक्या नाजूक विषयात हे जमतं, तर 42 खोक्यांच्या हिशेबात पहिल्याच गैरहजेरीला “एकतर्फी कारवाई”ची धमकी कशाला?

दिवस मोजताना एक चलाखी नेहमी होते. पत्रावर 3 तारीख असते, ते हातात पडतं 9 ला, आणि बैठक 10 ला. कागदावर आठवडाभर दिलेला दिसतो. कधी पत्र गावच्या पत्त्यावर, साताऱ्याला किंवा बीडला पाठवलं जातं, आणि माणूस राहतो चाकणला भाड्याच्या खोलीत. त्यामुळे मुदत पत्र मिळाल्या दिवसापासून मोजायची, साप्ताहिक सुट्टी आणि सण वगळून, हे पत्रातच लिहावं. बैठकीची वेळही माणसाच्या पाळीत बसवावी. रात्रपाळी करून सकाळी सातला सुटलेल्या माणसाला दहा वाजता चौकशीला बसवणं हे क्रौर्य आहे. तीन तास तो गेटबाहेरच्या टपरीवर काढतो आणि झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी कागद वाचतो. अशा वेळी दिलेल्या उत्तरांवर एखाद्याची नोकरी ठरू नये. आणि बैठक साधारण किती वेळ चालेल तेही लिहावं. घरी लहान मूल असलेल्या बाईला संध्याकाळी पाचची वेळ दिली आणि बैठक साडेआठपर्यंत लांबली, तर शेवटच्या तासात ती समोर येईल त्या कागदावर सही करते.

पत्राची भाषाही याच मुद्द्यात येते. मराठी माणसाला मराठीत, बिहारहून आलेल्या मुलाला हिंदीत पत्र द्यावं. इंग्रजी मसुद्यावर सही घेऊन “वाचून समजले” असा शिक्का मारणं म्हणजे नोटीस देणं नव्हे.

काही मालकांना वाटेल, एवढं सगळं केलं नाही तर काय बिघडेल? चौकशी सदोष ठरली तरी कामगार न्यायालयात पुन्हा पुरावा देऊन आरोप सिद्ध करण्याची संधी मिळतेच. खरं आहे, मिळते. पण ती सुनावणी वर्षानुवर्षं चालते. तोवर सुरक्षारक्षक एजन्सी बदलून गेलेला असतो, मोजणी करणारा दुसऱ्या कंपनीत असतो, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग पुसलं गेलेलं असतं. शेवटी मागच्या पगारासह कामावर घेण्याचा आदेश येतो, आणि खोके कुठे गेले ते कुणालाच कळत नाही. जो व्याख्येतला कामगार नाही त्याला तर ते न्यायालयही नाही. तो दिवाणी दावा लावण्यापेक्षा राजीनामा देऊन गप्प राहतो, आणि पुढच्या मुलाखतीत “तिथून का सोडलं” या प्रश्नाला अडखळतो. इंग्लंडमध्ये सोबती नाकारल्याबद्दलची भरपाई तशी लहान आहे, जास्तीत जास्त दोन आठवड्यांचा पगार. खरा वचक दुसरीकडे आहे. मार्गदर्शक संहिता अवाजवीपणे मोडली तर न्यायाधिकरण इतर भरपाई 25 टक्क्यांपर्यंत वाढवू शकतं. आपल्याकडे असा थेट आर्थिक वचक हवा, कारण नुसत्या सूचना कुणी पाळत नाही.

आतापर्यंत आरोपाबद्दल बोललो, पण कर्मचाऱ्याने स्वतः केलेल्या तक्रारीच्या सुनावणीलाही हेच लागू आहे. आपल्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती लागते. त्या समितीकडून तक्रारदाराला जाणारं पत्र कसं असतं? “आपण केलेल्या तथाकथित तक्रारीबाबत पुराव्यासह हजर राहावे.” तक्रार “तथाकथित” नसते, ती केलेली असते. खरी की खोटी हे ठरायचं असतं. ज्या साहेबाविरुद्ध तक्रार आहे तो त्याच मजल्यावर बसतो, आणि तक्रारदाराला एकट्याने समितीपुढे जायचं असतं. सोबतीची गरज इथे आरोप असलेल्या माणसापेक्षा कमी नाही. उलट जास्त आहे, कारण तक्रार करणारा बहुधा पदाने खालचा असतो.

कायदा बदलायला वेळ लागेल. पण केंद्र सरकारला आदर्श स्थायी आदेशांमध्ये पत्राचा नमुना घालायला, आणि तो “कामगार”पुरता न ठेवता आस्थापनेतल्या प्रत्येकाला लागू करण्याची शिफारस करायला आजही काही आडवं येत नाही. कंपन्यांना तर त्यासाठी सरकारची वाटही पाहावी लागत नाही. त्या नमुन्याच्या तळाशी एक तक्ता हवा: पत्र मिळाल्याची तारीख, सोबत्याचं नाव, दिलेली वेळ जमते का, जमत नसल्यास पुढच्या पाच कामकाजाच्या दिवसांतली कोणती वेळ सोयीची. कर्मचारी तो भरून एक प्रत परत देईल, आणि त्यावर एचआरची पोच सही घेऊन दुसरी प्रत स्वतःजवळ ठेवेल.